पश्चिमेकडचे साडेचारशे मीटर

केशरबाईला धावपट्टी पायांनी पाठ होती. चौदाशे मीटर लांब, तीस मीटर रुंद, सिमेंटची. पूर्वेकडच्या टोकाला बाभळी, पश्चिमेकडच्या टोकाला ओढा, आणि मधे कुठेही सावली नाही. रोज सकाळी पहिलं विमान उडायच्या आधी ती आणि बाकीच्या चार बाया हातात झाडू घेऊन रांगेत चालायच्या. खडा, तारेचा तुकडा, मेलेला पक्षी, जे दिसेल ते उचलायचं. बाकीच्या चौघी बोलत चालायच्या. केशरबाई खाली बघत चालायची.

ही पट्टी केज तालुक्याच्या कडेला, माळावर होती. एका खाजगी संस्थेची विमान शिकवायची शाळा तिथं चालायची. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष लागलं, तेव्हा सरकारनं त्याच पट्टीवर आणखी एक विमान आणून ठेवलं. पंखाखाली नळकांड्या बांधलेलं, दोन पंख्यांचं. ते ढगात जाऊन मिठाची पूड सोडायचं म्हणे, म्हणजे पाऊस पडतो. वस्तीवर त्याला सगळे मिठाचं विमान म्हणायचे.

"वर मीठ टाकत्यात अन खाली प्यायला पानी न्हाई," केशरबाईची जाऊ सिंधुबाई म्हणायची. "आळणी काय ते आपलंच नशीब."

वस्ती पट्टीपासून कोसभर. बासष्ट घरं, बहुतेक बौद्ध, मधे एक छोटं विहार आणि एक हातपंप, ज्याचा दांडा गेल्या होळीपासून नुसता हवा उपसत होता. सरकारी टँकर आठ दिवसांनी यायचा, कधी अकरा दिवसांनी. केशरबाईचा नवरा वारून सहा वर्षं झाली होती. सातवीपर्यंत शिकलेली, हिशेबाला पक्की, म्हणून मजूर सहकारी संस्थेत ती संचालक होती. एकतीस सभासदांत बाया अकरा, आणि संचालक मंडळात बाई ती एकटी. अध्यक्ष आप्पाराव. आप्पारावांची चाळीस एकर जमीन होती आणि त्यांनी स्वतः कधी घमेलं उचललं नव्हतं, पण ते मजूर संस्थेचे अध्यक्ष होते. याचं कुणाला नवल वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या ठेकेदाराकडून संस्थेला पट्टीवर खाचा पाडायचं काम मिळालं.

खाचा कशासाठी, हे पट्टीचे अधिकारी पंडितसाहेब यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं. पंडितसाहेब तिथले सगळंच होते. रेडिओवर विमानांशी बोलायचे, वारा मोजायचे, वहीत लिहायचे. सिरसाळ्याचा माणूस, बोलायला शांत.

"पट्टीवर पाणी साचलेलं असलं," ते म्हणाले, "की चाकाला ते बाजूला ढकलून खालचं सिमेंट गाठावं लागतं. चाक हळू असलं तर पाण्याला सरकायला वेळ मिळतो. चाक लई जोरात असलं तर पाणी सरकत नाही. चाकाच्या पुढं त्याची पाचर तयार होते, अन ती पाचर चाकाला उचलते. मग चाक पाण्यावर. खाली जमीन नाही. ब्रेक दाबला काय अन न दाबला काय. वळवायचं म्हटलं तरी वळत नाही."

"म्हंजी तळ्यावर चपटा दगुड मारल्यावानी," केशरबाई म्हणाली. "जोरात हाय तवर टप्पे घेतो. जोर सरला की बुडतो."

पंडितसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "तसंच. आता पट्टीला आडव्या खाचा असल्या, की चाकाखालच्या पाण्याला पळायला वाट मिळते. पाचर व्हायच्या आत ते खाचेत शिरतं. अन पाऊस पडताना बरंचसं खाचांतून बाजूला वाहूनच जातं."

"किती जोरात गेलं की तरंगतं साहेब?"

"टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढायचं अन नवानं गुणायचं. मिठाच्या विमानाच्या टायरात साधारण शंभर दाब. शंभराचं वर्गमूळ दहा. नऊ दाही नव्वद. नव्वद नॉट, म्हणजे ताशी एकशे पासष्ट किलोमीटरच्या पुढं. अन ते विमान उतरतं तेच शंभराच्या आसपास."

"शाळेच्या लहान इमानाच्या टायरात?"

"छत्तीस."

"सा नवं चोपन्न," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी हसलं. "बाईला पायलट करा साहेब."

काम सुरू झालं. हिऱ्याची पाती लावलेलं यंत्र पट्टीच्या रुंदीवर आडवं फिरायचं. सहा मिलीमीटर रुंद, सहा मिलीमीटर खोल, दर अडतीस मिलीमीटरला एक खाच. पात्याला सतत पाणी लागायचं, नाहीतर पातं जळायचं. कापलेल्या सिमेंटचा पाण्याबरोबर राखाडी लगदा व्हायचा, तो खाचांत बसायचा, आणि तो ओला असतानाच जोराच्या पाण्यानं धुऊन काढायचा असायचा. म्हणून रोज दोन टँकर. पहिला पात्याला, दुसरा धुवायला. पाणी साखर कारखान्याच्या विहिरीवरून यायचं. गढूळ, पण पाणी. टँकरची नोंद ठेवायचं काम केशरबाईकडं होतं. संचालक म्हणून, आणि आकडे बरोबर येतात म्हणून.

काम पूर्वेकडून सुरू होऊन पश्चिमेकडं सरकत होतं. साडेनऊशे मीटर झाले, तेव्हा वस्तीवर सरकारी टँकर येऊन तेरा दिवस झाले होते.

त्या दिवशी सकाळी केशरबाईनं सिंधुबाईला पाहिलं. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करून ती वाटीनं पाणी भरत होती. वाटी भरायला किती वेळ लागतो, हे केशरबाईनं मनात मोजलं आणि अर्ध्यातच मोजायचं सोडून दिलं.

दुपारी दुसरा टँकर आला. चालकाला ती म्हणाली, "हितं नको. वस्तीवर घे."

"अन धुवायचं?"

"वाळल्यावर झाडून घेऊ. धूळच हाय ती."

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. तीन वर्षं त्या माळावर जे काही होतं ते धूळ होतं. भिंतीचा पोपडा, शेणाचा सारवा, रस्त्याचा मुरूम, सगळं वाळून भुगा व्हायचं आणि झाडूनं जायचं. पाण्यात कालवलेलं सिमेंट वाळत नाही, घट्ट होतं, हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. घरांचे पाये तिनं भरले होते. पण लगदा म्हणजे कापलेल्या जुन्या दगडाची पूड, मेलेलं सिमेंट, त्याला कसला जीव, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या टँकरमागं भांडी घेऊन पळणाऱ्या बायांकडं बघताना हे सांगणं सोपं होतं.

नऊ दिवस दुसरा टँकर वस्तीवर गेला. नऊ दिवस संध्याकाळी अकरा बाया पट्टीवर झाडू मारायच्या आणि पांढरी धूळ उडायची. वरून पट्टी स्वच्छ दिसायची. आप्पाराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा येताना त्यांनी वस्तीवर उभा असलेला टँकर पाहिला, पट्टीवर येऊन गाडीची काच खाली केली, केशरबाईकडं बघून नुसती मान हलवली आणि काच वर केली. पुढच्या निवडणुकीला वस्तीची दीडशे मतं होती.

मोठ्या ठेकेदाराचा तपासनीस आला तो दुपारी एकच्या उन्हात. पूर्वेकडच्या पहिल्या शंभर मीटरवर त्यानं चार ठिकाणी खाचांची खोली मोजली. सहा, सहा, साडेपाच, सहा. मग पश्चिमेकडं हात करून म्हणाला, "तिकडंही असंच?"

"असंच," आप्पाराव म्हणाले.

त्यानं गाडीत बसून सही केली.

काम संपल्यावर संस्थेच्या पाच बाया पट्टी झाडायला कायम राहिल्या. पंडितसाहेबांनी केशरबाईला आणखी एक काम शिकवलं. पाऊस पडला की जीपनं पट्टीवर जायचं, पट्टीचे तीन भाग धरून प्रत्येक भागात पाण्याची खोली पोलादी पट्टीनं मोजायची आणि वायरलेसवर सांगायची. तीन मिलीमीटरच्या आत असेल तर पट्टी ओली. त्याच्या वर असेल तर पाणी साचलेलं. एका शब्दानं सगळं बदलतं, ते म्हणाले. ओली, पण खाचा असलेली पट्टी म्हटलं की कॅप्टन उतरणार. साचलेलं म्हटलं की विचार करणार. शिवाय जो उतरतो, तो मागच्याला सांगतो, की ब्रेक कसा लागला. चांगला, मध्यम की वाईट. तो निरोप आपण पुढच्याला द्यायचा.

"आपला शब्द अन आधी उतरलेल्याचा शब्द, एवढंच असतं बघा वरच्या माणसाकडं," पंडितसाहेब म्हणाले. "त्याला वरून पाणी दिसतं, खोली दिसत नाही."

जून कोरडा गेला. जुलैत तीनदा भुरभुर झाली; केशरबाई जीपमध्ये बसून गेली आणि तीनही वेळा "ओली" असं सांगून आली. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळं विमानं पूर्वेकडून उतरायची आणि अर्ध्या पट्टीवरूनच वळून परत फिरायची. पश्चिमेचं टोक क्वचित कुणाच्या चाकाखाली यायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचला मिठाचं विमान उडालं. कॅप्टन बाहेरगावचे, पण दोन महिन्यांत त्यांना मराठी बऱ्यापैकी यायला लागली होती. शिडी चढताना ते केशरबाईला म्हणाले, "आज ढग चांगला आहे बाई. पाडून येतो."

"आमच्या वस्तीवर पाडा," ती म्हणाली. "पट्टीवर पाडून काय उपेग."

पाऊस पट्टीवरच पडला. तासाभरात आभाळ खाली आलं, वारा उलटा फिरून पूर्वेकडून सुटला, आणि चाळीस मिनिटं असं कोसळलं की कार्यालयाच्या पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. विमान शाळेची पोरं व्हरांड्यात येऊन ओरडत होती. आप्पाराव त्या दिवशी तिथंच होते. काम समाधानकारक झाल्याचा दाखला पंडितसाहेबांकडून घ्यायला आले होते. तो मिळाला की वस्तीच्या नळयोजनेचं खोदकाम संस्थेला मिळणार होतं. एकतीस माणसांना वर्षभराचं काम, आणि वस्तीवर नळ. दाखला टाइप होऊन टेबलावर पडला होता. सही राहिली होती.

पाऊस ओसरताना शाळेचं एक लहान विमान उतरलं. वारा पूर्वेचा, म्हणून ते पश्चिमेकडून आलं. शिकवणारे सर भिजत कार्यालयात आले ते पांढरेफटक पडून.

"ब्रेक पुअर, एकदम वाईट," ते म्हणाले. "पश्चिमेकडं टेकलो अन काहीच नाही. पाय दाबतोय, काही नाही. वाऱ्यानं कडेला ढकलत नेलं. मधे आल्यावर एकदम पकडलं."

"नवे आहेत सर," आप्पाराव हसत म्हणाले. "घाबरले असतील."

पंडितसाहेबांनी वहीत लिहिलं. मग वायरलेसवर आवाज आला. मिठाचं विमान पंधरा मिनिटांवर होतं.

"केशरबाई, जा. लवकर. पश्चिमेकडून सुरू करा."

जीप राधाकिशन चालवायचा. पट्टीच्या कडेला थांबून त्यानं वायरलेसवर परवानगी मागितली, "पट्टीवर येऊ का?" आणि "या" ऐकल्यावरच गाडी वर घेतली. पश्चिमेचं टोक जवळ आलं तसा जीपच्या चाकांचा आवाज बदलला. आधी सळसळ होती, आता फडफड झाली.

केशरबाई उतरली. चपला पाण्यात बुडाल्या. पट्टीवर आभाळ पसरलं होतं, अखंड, आणि शेवटचे थेंब त्यावर गोल गोल वर्तुळं काढत होते. तिनं पोलादी पट्टी उभी धरली. चार मिलीमीटर. दहा पावलं पुढं, पाच. मध्यरेषेच्या जवळ, पाच. पोलादी पट्टीचं टोक खाचेत घालायचा प्रयत्न केला. टोक गेलं नाही. बोटानं चाचपलं, बोटाला खाच नव्हती, खाचेची नुसती रेघ होती. नखानं उकरलं. नखच मोडलं.

तिनं शेजारची खाच चाचपली. तीही तशीच.

"बाई?" राधाकिशननं हाक मारली.

"पुढं चल. मधे घे."

मधे आणि पूर्वेकडं पाणी एक मिलीमीटरसुद्धा नव्हतं. खाचाखाचांतून ते शहाण्यासारखं कडेच्या मातीकडं वाहत होतं, प्रत्येक खाचेच्या तोंडाशी एक बारीकशी धार. पोलादी पट्टीचं टोक तिनं घातलं, सहा मिलीमीटर आत गेलं. तिथं धुवायचा टँकर आला होता.

राधाकिशनचा मोबाइल वाजला. त्यानं बघून तिच्याकडं दिला. "आप्पा."

"केशर, काय हाय तिकडं?" आप्पारावांचा आवाज हळू होता. पंडितसाहेबांपासून लांब जाऊन बोलत असावेत.

"पाच मिलीमीटर. खाचा बुजल्यात आप्पा. घट्ट झालंय."

"ओली म्हन."

"पाच हाय."

"ओली म्हन, ऊन पडलं की घंट्यात सुकतंय. उद्या मी मानसं लावतो, छिन्नीनं काढू. कुनाला कळत न्हाई. आत्ता साचलं म्हनलीस, का मंग खाचा कावून भरल्या हे इचारत्याल, टँकर कुटं गेले हे इचारत्याल. नोंद तुज्या हातची हाय. संस्था जाईल. नळ जाईल. तुज्याच वस्तीचा नळ, केशर."

"तुमी बी बगितला व्हता टँकर."

"म्या काय बगितलं?" आप्पाराव म्हणाले. "म्या गाडीत व्हतो."

वायरलेसवर पंडितसाहेब बोलले. "केशरबाई, विमान नऊ मिनिटांवर. सांगा."

मोबाइल तिच्या एका हातात होता, वायरलेस दुसऱ्या. तिनं नऊ मिनिटांचा हिशेब केला नाही. तिनं शंभराचं वर्गमूळ काढलं. दहा. नऊ दाही नव्वद. ते येणार शंभरानं, टेकणार बरोबर इथं, जिथं तिच्या चपला बुडाल्या होत्या, आणि वारा जरासा तिरका. विमानात तिघं. दुपारी शिडीवरून बोललेला माणूस त्यातला एक. त्यानं विचारलं होतं का, टँकर कुठं गेला म्हणून? नव्हतं विचारलं. त्याला सांगितलं होतं, पट्टीला खाचा आहेत.

तिनं वायरलेसचं बटण दाबलं. मोबाइल चालूच होता.

"पूर्वेकडं ओली. मधे ओली. पश्चिमेकडचे साडेचारशे मीटर पाणी साचलेलं. पाच मिलीमीटर. तिथल्या खाचा भरलेल्या हायेत साहेब. पानी जायला वाट न्हाई."

मग पंडितसाहेबांचा आवाज, तसाच शांत. "परत सांगा. खाचा भरलेल्या?"

"भरलेल्या. आमी धुतल्या न्हाईत."

मोबाइलमधला आवाज बंद झाला होता.

पंडितसाहेब इंग्रजीत वर बोलले. जीपमधल्या वायरलेसवर तिला शब्द ऐकू आले. त्यातला "पुअर" तिला कळला. कॅप्टननं काहीतरी विचारलं. पंडितसाहेबांनी वाऱ्याचा आकडा सांगितला. पूर्वेकडून उतरायचं म्हटलं तर वारा पाठीवर घ्यावा लागणार, आणि थांबायच्या वेळी हेच साडेचारशे मीटर पुढं. ढगाच्या खालून विमान एकदा दिसलं, ओल्या पांढऱ्या कापडासारखं. पट्टीवरून तिरपं वळलं आणि नांदेडच्या दिशेनं गेलं. इंधन पुरेसं होतं. पाऊण तासानं निरोप आला की सुखरूप उतरले.

काहीच झालं नाही. केशरबाईच्या वाट्याला पुढं जे आलं, ते सगळं याच्यावर उभं होतं.

काहीच झालं नाही, म्हणून तिनं काय वाचवलं ते कुणाला दाखवता येईना. झालं ते एवढंच, की विमान परत गेलं, चौकशी आली, कुणीतरी पश्चिमेच्या टोकाला छिन्नी चालवून खाचेतली खपली काढली आणि पिशवीत भरली. ज्यानं उन्हात बसून सही केली होती, त्याच्या कागदावर कुठले मीटर तपासले ते गोलमोल निघालं. मोठ्या ठेकेदारानं कागद दाखवला, की रोजच्या दोन टँकरांची जबाबदारी मजूर संस्थेची. टँकरची नोंदवही मागवली गेली. तिच्यात केशरबाईच्या अक्षरात नऊ दिवस एकेक टँकरपुढं लिहिलं होतं: वस्ती. तिनं तेही लपवलं नव्हतं.

"लिहिलंत कशाला?" पंडितसाहेबांनी एकदा न राहवून विचारलं.

"गेला वस्तीवर, तर काय लिवू?"

पंडितसाहेबांनी तिच्या बाजूनं एक पत्र लिहिलं. अचूक आणि वेळेवर माहिती दिल्याबद्दल, असं त्यात होतं. ते पत्र चौकशीच्या फायलीत लागलं. फायलीत ते अजून असेल.

संस्थेची सर्वसाधारण सभा विहाराच्या अंगणात भरली. आप्पारावांनी वाट काढली होती. चूक संस्थेची नाही, एका संचालकानं परस्पर केलेली आहे, असा ठराव झाला आणि त्या संचालकाला काढून टाकलं, तर संस्था काळ्या यादीत जाणार नाही. वर संस्थेनं खाचा स्वतःच्या मजुरीनं धुऊन दिल्या की नळयोजनेचं काम राहील. हे त्यांनी वरच्या लोकांशी बोलून पक्कं केलं होतं.

केशरबाई शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती.

"वस्तीनं टँकर मागितला व्हता का?" आप्पारावांनी विचारलं. "सांगा. कुनी अर्ज दिलता?"

कुणी दिला नव्हता.

"आमी कुटं मागितलं?" सिंधुबाई उभी राहून म्हणाली. ती केशरबाईकडं बघत नव्हती. "दारात टँकर आला, आमी भरलं. कुटला हाय, कावून आलाय, आमाला काय ठावं?"

"ठावं न्हवतं तुला?" केशरबाई म्हणाली. "नऊ दिस मला इचारत व्हतीस, जाऊबाई आज किती वाजता यील म्हनून."

कुणीतरी हसलं. सिंधुबाई खाली बसली. तिचा थोरला मुलगा खोदकामाच्या यादीत होता.

"अन गप बसली असती तर?" मागून छबुबाई म्हणाली. पट्टीवर झाडणाऱ्या चौघींतली एक. तिचंही काम गेलं होतं. "उतरलं असतं की इमान. रोजच उतरतंय. हिला तेवढं खरं बोलायचा कढ आलता."

"न्हाई उतरलं असतं," केशरबाई म्हणाली.

"तुला काय ठावं? तू काय पायलट हायेस?"

याला तिच्याकडं उत्तर होतं, दहा, नव्वद आणि पाच या आकड्यांचं. ते त्या अंगणात सांगण्यासारखं नव्हतं.

हात वर करायला सांगितले. तीस हात वर झाले. विहाराच्या पायरीवर बसलेल्या सचिवानं मोजले आणि लिहायला लागला.

"काय लिवतो?" केशरबाईनं विचारलं.

"सर्वानुमते."

"तीस लिव्ह. एक इरोधात."

"काकू, सर्वानुमते असलं की बरं दिसतं वर."

"दिसायला न्हाई लिवायचं. हाय ते लिव्ह."

सचिवानं आप्पारावांकडं पाहिलं. आप्पाराव आभाळाकडं बघत होते. सचिवानं लिहिलं ते सर्वानुमतेच. केशरबाई पुढं गेली, वाकून वाचलं, आणि सही न करता घरी गेली. तिची रिकामी जागा सोडून बाकीच्यांच्या सह्या त्याच्या खाली झाल्या.

पंधरा दिवसांनी खाचा धुवायचं काम लागलं. पाच टँकर, जोराच्या पाण्याचं यंत्र आणि संस्थेची वीस माणसं. टँकर वस्तीच्या रस्त्यानंच जायचे. या खेपेला प्रत्येक टँकरवर पोलीस पाटलाचा माणूस बसवलेला होता. ऑगस्टच्या त्या एका पावसानंतर पुन्हा थेंब आला नव्हता, आणि सरकारी टँकर येऊन दहा दिवस झाले होते. बाया भांडी घेऊन रस्त्यावर आल्या, टँकर जाताना पाहिला आणि परत गेल्या. सिंधुबाईही त्यात होती. ती केशरबाईच्या दारावरून गेली, थांबली नाही.

केशरबाई तेव्हा केजला एका भाजीच्या अडतीवर पोती शिवायला जायची. सकाळच्या जीपनं जायचं, संध्याकाळच्या जीपनं यायचं. त्या दिवशी पोत्यांच्या ढिगावर बसलेली असताना तिचा मोबाइल वाजला. राधाकिशन.

"बाई, पोलादी पट्टी हितं पंडितसाहेबांनी दिलीय माज्याकडं. खाचेत किती गेली पायजे?"

"सहा."

"चार जातीय. काही ठिकानी तीन. खालचं निघंना, लई घट्ट हाय."

"मग झालं न्हाई. परत मारा पानी. न्हाई निघालं तर पात्यानं परत कापावं लागंल."

तिकडं कुणाशी तरी बोलणं झालं. यंत्राच्या आवाजात तिला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. राधाकिशन परत फोनवर आला.

"आप्पा म्हनत्यात चालतंय. म्हनत्यात, वरून चांगलं दिसतंय. पाचवा टँकर मोकळा केलाय त्यांनी, त्यांच्या मोसंबीला."

केशरबाईनं दाभण पोत्यात अर्ध्यावर तसंच ठेवलं.

"पंडितसाहेबांना सांगितलंस?"

"ते रजेवर हायेत. त्यांच्या जागी नवीन मानूस हाय. तो म्हनतो, वही भरून द्या, सही करतो. बाई, काय लिवू?"

"किती जातीय म्हनलास?"

"तीन, चार."

"मग तीन, चार लिव्ह."

"माजी नोकरी जाईल बाई."

"व्हय," ती म्हणाली. "जाईल."

तिकडं यंत्राचा आवाज बंद झाला होता; काम आटोपलं होतं. तिनं उत्तरासाठी फोन कानाला धरून ठेवला. मग अडतीचा मुकादम ओरडला, आणि तिनं फोन ठेवून दाभण उचललं.